शुभरात्रीच्या संदेशांविषयी सूचना

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी रात्री आपल्या व्हॉट्सॲप गटावर एका सभासद भगिनींनी "आज चक्कर आली, उद्या फिरायला येणार नाही" असे लिहिले होते. परंतु त्यानंतर दहा मिनिटांत चंद्र आणि गुलाबांची अकरा चित्रे येऊन पडल्याने तो मजकूर वर सरकला आणि सकाळपर्यंत कोणाच्याही लक्षात आला नाही. त्या एकट्या राहतात, म्हणून हे मनाला फार लागले.

यापुढे शुभसंध्या किंवा शुभरात्रीसाठी दुसरीकडून आलेले चित्र पुढे पाठवू नये. व्हॉट्सॲपवर ज्या चित्राला दुहेरी बाण दिसतो, ते निदान पाच वेळा पुढे ढकलले गेलेले असते आणि त्यात पाठवणाऱ्याचे स्वतःचे काहीच उरलेले नसते. त्याऐवजी दिवसभरातली एखादी गोष्ट एका ओळीत लिहावी, जसे "कुंडीतल्या मोगऱ्याला आज पहिली कळी आली, शुभरात्री." ज्यांना टंकलेखन जड जाते, त्यांनी मायक्रोफोनचे चिन्ह दाबून दोन वाक्ये बोलावीत. सांगण्यासारखे काही नसेल, त्या दिवशी संदेश नसला तरी चालेल. मात्र रोज लिहिणारे कोणी सलग दोन रात्री गप्प राहिले, तर जवळ राहणाऱ्या सभासदाने त्यांना फोन करावा.

आपली,
कार्यवाह