साक्षीदाराची आठवण एकदाच तपासा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ओळख परेडीची पद्धत सुधारण्याबाबत

महोदय,

आम्ही मराठवाड्यात मानसशास्त्र शिकवणारी माणसं आहोत. साक्षीदारानं कोर्टात बोट दाखवून ‘हाच तो’ म्हटलं की खटल्याचं पारडं झुकतं. कायद्यानं कोर्टातली ही ओळख हाच मुख्य पुरावा. आधीची ओळख परेड तिला फक्त पुष्टी देते. स्मृतीचं शास्त्र मात्र हा क्रम उलटा लावतं. पहिली ओळख सगळ्यांत मोलाची, कोर्टातली सगळ्यांत कच्ची. असं का, ते एका कल्पित प्रकरणातून मांडतो.

समजा, लातूरच्या अडत बाजारात सोयाबीन घालून एक शेतकरी पट्टीचे पैसे घेऊन मोटारसायकलवर गावाकडे निघाला. दिवस मावळलेला. रेणापूरच्या पुढे दोघांनी गाडी आडवी घातली, एकानं कोयता काढला, पैसे हिसकावले आणि दोघे पसार झाले. सगळं अर्ध्या मिनिटात. त्यातही नजर कोयत्यावर. समोर हत्यार असलं की चेहऱ्याकडं लक्ष कमी जातं, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. रात्री फिर्यादीत चेहऱ्याबद्दल एवढंच येतं : ‘अंगानं सडपातळ, रंग सावळा, वय पंचविशीच्या आसपास.’ नोंद तोकडी आहे, पण तिच्यात दुसऱ्या कोणाची भर नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर कोणी विचारतं, ‘कानात बाळी होती का? तसला एक पोरगा परवा फाट्यावर फिरत होता.’ तिसऱ्या दिवशी ठाण्यात मोबाइलवर एकच फोटो दाखवतात, ‘बघा बरं, हाच होता का?’ तो म्हणतो, ‘असावा बहुतेक.’ पुरवणी जबाबात बाळी येते. पुढे आरोपी पकडल्याची बातमी त्याच फोटोसकट गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते. महिन्यानं कारागृहात परेड होते. सहा डमी आणि आरोपी अशा रांगेत एकच चेहरा ओळखीचा वाटतो. शेतकरी त्याला हात लावतो. बाहेर आल्यावर कोणीतरी म्हणतं, ‘बरोबर ओळखलंत.’ चार वर्षांनी कोर्टात तो सांगतो, ‘शंभर टक्के हाच. तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही.’

तो खोटं बोलत नाही. ‘असावा बहुतेक’चं ‘शंभर टक्के’ झालं ते आठवण्याच्या क्रियेतच. आपण आठवतो तेव्हा मेंदू साठवलेलं चित्र बाहेर काढत नाही. विखुरलेल्या खुणा जोडून प्रसंग नव्यानं उभा करतो. मधल्या फटी त्या वेळी हाताशी असेल त्यानं भरतो : दुसऱ्याचं बोलणं, पाहिलेला फोटो, प्रश्नातला शब्द. मग ही नवी जुळणीच पुन्हा साठवली जाते. सातबाऱ्यावर फेरफार झाला तर जुनी नोंद फेरफार नोंदवहीत शोधता येते. स्मृतीला तशी वही नाही. बाळी पारावर ऐकली की रस्त्यावर पाहिली, हे शेतकऱ्याला स्वतःलाही वेगळं काढता येत नाही.

या पुनर्साठवणीचा एक ठोस पुरावा २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगातून आला. उंदरांच्या मनात एका आवाजाची भीती पक्की बसवली होती. तो आवाज पुन्हा ऐकवून भीती जागी केली आणि लगेच मेंदूच्या भीतीशी संबंधित भागात प्रथिनं बनणं रोखणारं औषध दिलं, तेव्हा ती भीती पुढे टिकली नाही. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर भीती कायम राहिली. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ मऊ असते आणि तिला पुन्हा घट्ट व्हावं लागतं. माणसाच्या मेंदूत हे नेमकं याच वाटेनं होतं का, यावर अजून वाद आहे. पण आठवताना बाहेरची माहिती मिसळते, यावर नाही. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. पन्नास जणांना ‘गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं, पन्नास जणांना ‘धडकल्या तेव्हा’ असं. आठवड्यानं ‘फुटलेली काच पाहिली का’ असं विचारल्यावर पहिल्या गटातले १६ जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्यातले ७. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच.

आठवण ठसठशीत आहे म्हणजे ती खरीच, असं म्हणावंसं वाटतं. किल्लारीच्या भूकंपाची ३० सप्टेंबर १९९३ची पहाट अनुभवलेल्यांना विचारा. कोण कुठं झोपलं होतं, आधी कोण ओरडलं, सगळं काल घडल्यासारखं सांगतील. भूकंप झाला, माणसं गेली, हा गाभा पक्का असतो. तपशिलांची तशी हमी नसते. १९८६ साली चॅलेंजर अंतराळयान कोसळलं, तेव्हा अटलांटातल्या विद्यार्थ्यांकडून बातमी कुठं, कशी कळली हे दुसऱ्याच दिवशी लिहून घेतलं होतं. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. ११ जणांचा एकही मुख्य तपशील जुळला नाही, आणि चुकीचं सांगणाऱ्यांपैकी कित्येकांना आपल्या आठवणीची पुरती खात्री होती.

आणि ‘बरोबर ओळखलंत’? गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ साली मांडलेल्या प्रयोगात खरा गुन्हेगार फोटोंमध्ये ठेवलाच नव्हता, म्हणजे ज्यांनी फोटो निवडला ते सगळेच चुकले. तरी ज्यांना ‘छान, तुम्ही संशयिताला ओळखलं’ असं सांगितलं, त्यांची खात्री वाढलीच, शिवाय आपल्याला चेहरा स्पष्ट दिसला होता, आपण नीट लक्ष दिलं होतं, असंही ते सांगू लागले. उलटतपासणीत वकील हेच प्रश्न विचारतात, आणि त्यांची उत्तरं तोवर बदललेली असतात.

साक्षीदाराची खात्री कुचकामी आहे, असं मात्र आम्ही म्हणत नाही. पहिल्याच वेळी, नीट घेतलेल्या परेडीत, कोणी काही सुचवण्याआधी सांगितलेली खात्री बरंच खरं सांगते. ‘असावा बहुतेक’ हीसुद्धा माहिती आहे. आज तीच नोंदवली जात नाही. आरोपी साक्षीदाराच्या रोजच्या ओळखीतला असेल, तर प्रश्न वेगळा.

पुराव्याचा कायदा केंद्राचा आहे, पण पोलिसांसाठी आणि परेड घेणाऱ्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसाठी परिपत्रक आपलं सरकार काढू शकतं. त्यात पहिली गोष्ट फिर्यादीची. ‘दाढी होती ना?’ असं न विचारता ‘आठवतं तसं सगळं सांगा’ म्हणावं, मध्ये तोडू नये आणि साक्षीदाराचेच शब्द लिहावेत. एकच फोटो दाखवणं पूर्ण बंद व्हावं. त्यानंतरची परेड ही नव्या चेहऱ्याची परीक्षा राहत नाही. साक्षीदार फोटोच ओळखतो. परेड होईपर्यंत आरोपीचा फोटो ठाण्यातून बाहेर जाऊ नये.

डमी निवडताना साक्षीदारानं सांगितलेलं वर्णन समोर ठेवावं. फिर्यादीत ‘सडपातळ, सावळा, पंचविशीचा’ असेल आणि रांगेत चार पोटसुटे चाळिशीतले उभे केले, तर डमी सहा असूनही खरी निवड तिघांतच होते. हे तपासायला सोपी युक्ती आहे : घटना न पाहिलेल्या माणसाला फक्त ते वर्णन आणि रांगेचा फोटो द्यावा. अशी बरीच माणसं आरोपीवरच बोट ठेवू लागली, तर रांग सदोष आहे. परेड घेणाऱ्याला आरोपी कोण हे माहीत नसावं. माहीत असलं की नजर, थांबणं, ‘नीट बघा’ यातून ते कळतं. साक्षीदाराला आधीच सांगावं, ‘तो माणूस यात नसेलही. कोणालाच ओळखलं नाही तरी चालेल.’ हात लावल्याबरोबर, दुसरं काही बोलण्याआधी, ‘किती खात्री आहे, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारून उत्तर जसंच्या तसं पंचनाम्यात घ्यावं. त्याच आरोपीसाठी दुसरी परेड घेऊ नये.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५४ ओळख परेडीचं चित्रीकरण बंधनकारक करतं, ते ओळखणारा साक्षीदार दिव्यांग असेल तेव्हा. तेच प्रत्येक साक्षीदारासाठी लागू करायला राज्याला कोणी अडवत नाही. सुरुवात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून करावी. तहसीलदार आणि नायब तहसीलदारांना ही पद्धत शिकवण्यासाठी आम्ही येऊ, आणि परिपत्रकाचा मसुदाही लिहून देऊ.

कळावे,
आपले,
मानसशास्त्राचे काही अध्यापक, मराठवाडा