‘दऱ्या’ बरोबर लिहूनही रविवारचं कोडं चूक ठरवल्याबद्दल तक्रार

शब्दकोड्याचं ॲप चालवणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापनास,

आत्ताच तुमच्या मदत केंद्रावरचा माझा तिसरा फोन संपला. या पत्राला ठरावीक उत्तर पाठवू नका, हे ज्यांनी अक्षरं तपासण्याचा भाग लिहिला त्यांना वाचायला द्या.

रविवारचं मोठं कोडं, ११ बाय ११ चं, मी सकाळी साडेनऊला पूर्ण भरलं. एकही घर रिकामं नव्हतं, तरी वर ‘कोडे अजून बरोबर नाही’ असंच येत राहिलं. कुठलं घर चुकलं ते तुमचं ॲप सांगत नाही, त्यामुळे सगळा शोध माझ्यावर आला. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. ३१ वर्षं छापखान्यात मुद्रितशोधन केलं आहे, चूक शोधायचा मला कंटाळा नाही.

आधी मी एकाच शब्दात येणारी घरं पाहिली. तिथे चूक झाली तर तिला पकडायला दुसरा शब्द नसतो. ती ठीक निघाली. मग आडवा आणि उभा जिथे एकमेकांना छेदतात ती घरं घेतली. दोन शब्दांनी साक्ष दिलेलं अक्षर बरोबरच असेल असं माणूस धरून चालतो, पण तसं नेहमी नसतं. कोड्याच्या मधोमध आडवं ‘सूत’ आणि उभं ‘सूर’ एकाच घरातून सुरू होत होतं. तिथे ऱ्हस्व ‘सु’ भरला तरी ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सुर’ म्हणजे देव, दोन्ही खरे शब्द. अशा ठिकाणी छेद काहीच सांगत नाही, सूचनाच पुन्हा वाचावी लागते. सूचना होत्या ‘चरख्यावर काततात’ आणि ‘गवयाने लावायचा’. म्हणजे दीर्घच, आणि मी दीर्घच भरला होता. न-ण, ल-ळ, अनुस्वार, सगळं याच पद्धतीने दोनदा पाहिलं. कोडं बरोबर होतं, आणि ॲप नाही म्हणत होतं.

सोमवारी पहिला फोन केला. ॲप काढून पुन्हा टाका, असं सांगण्यात आलं. तसं केल्यावर भरलेली ८४ घरं गेली आणि सगळी पुन्हा भरावी लागली. फरक शून्य. दुसऱ्या फोनवरही तेच सांगितलं.

वाट सापडली ती मंगळवारी सकाळी तलावपाळीवर. आम्ही पाच जण तिथे फेऱ्या मारून झाल्या की कोड्यावर बोलतो. पाचांपैकी दोघांचं कोडं अडकलं होतं, माझं आणि वाशीहून मुलाकडे आलेल्या एका स्नेह्यांचं. पाचही जणांची उत्तरं अक्षरश: सारखी. अडकलेल्या दोघांच्या फोनवर मात्र एकच कीबोर्ड होता. तेव्हा संशय उत्तरावरून टंकनावर गेला. घरी येऊन मुलीच्या लॅपटॉपवर माझंच खातं उघडलं आणि तिच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवरून एकेक ओळ पुन्हा भरली. दहा ओळी झाल्या, काही नाही. अकराव्या ओळीतलं शेवटचं घर भरलं आणि त्याच क्षणी कोडं सुटल्याची खूण आली. ते घर पुसून फोनवरून भरलं की पुन्हा ‘बरोबर नाही’. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तसंच.

त्या घरात आडवं ‘दऱ्या’ संपतं आणि उभं ‘पायऱ्या’ संपतं. अक्षर ‘ऱ्या’. आडव्याची सूचना ‘डोंगरांमधल्या खोल जागा’, उभ्याची ‘गड चढताना मोजाव्यात’. दोन्हीकडून दुसरं काही बसतच नाही.

मराठीतला हा अर्धा ‘र’ संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. लॅपटॉपवर शिफ्टसह इंग्रजी ‘J’ ची कळ दाबली की वेगळा ‘ऱ’ येतो, त्याला हलन्त देऊन ‘या’ जोडतात. माझ्या फोनचा कीबोर्ड साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग ‘या’ असं लिहितो. मुलीने दोन्ही अक्षरं उघडून दाखवली:

```
लॅपटॉप: U+0931 U+094D U+092F U+093E
फोन:    U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
```

एकात चार चिन्हं, दुसऱ्यात पाच. युनिकोडला दोन्ही लेखनं मान्य आहेत, कारण दुसरी पद्धत जुन्या मजकुरातून चालत आली आहे. तुमच्या उत्तरात पहिली साठवली आहे, आणि तपासणी फक्त चिन्हं जुळतात का एवढंच पाहते.

हे सगळं घेऊन मी आज तिसरा फोन केला. पलीकडच्या मुलाने माझं कोडं उघडलं. म्हणाला, “सर, शेवटच्या घरात तुमचं अक्षर चुकलंय.”

मी विचारलं, “तुम्हाला तिथे काय दिसतंय?”

“ऱ्या.”

“आणि तुमच्या उत्तरात?”

“ऱ्या.”

“मग चुकलं काय?”

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “सिस्टीम चूक दाखवतेय म्हणजे चूकच आहे सर. आजोबा, वयामुळे नीट दिसत नसेल. घरात कुणाला तरी बघायला सांगा.”

त्याने दोन्ही अक्षरं स्वत: मोठ्याने वाचली होती, सारखीच वाचली होती, आणि तरी दोष माझ्या डोळ्यांना दिला. ३१ वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातलं ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ वेगळं करत आलो. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कोणी शिकवलेलं नाही. राग तुमच्यावर आहे. मराठी कोडं विकता आणि मराठीतला ‘ऱ’ तुम्हाला ओळखता येत नाही.

दुरुस्ती करताना एक चूक करू नका. न दिसणारं जोडचिन्ह नुसतं पुसून टाकलं, तर फोनवरच्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होईल, म्हणजे समुद्र, आणि चूक कायमची होईल. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण लावूनही ही दोन रूपं एक होत नाहीत. तुलना करण्याआधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हा क्रम ‘ऱ, हलन्त’मध्ये बदलायला हवा, उत्तरातही आणि आमच्या अक्षरातही. सुऱ्या, फेऱ्या, वाऱ्यावर असे शब्द असलेली तुमची जुनी कोडी पुन्हा तपासा. कितीतरी लोकांनी स्वत:चीच चूक समजून ती सोडून दिली असतील, याचं मला फार वाईट वाटतं.

रविवारी माझी २१२ दिवसांची सलग नोंद तुटली. ती परत लावा, माझी आणि त्या स्नेह्यांचीही. वर्षाची वर्गणी मी आगाऊ भरली आहे. पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर ती परत हवी, नाहीतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करीन आणि तिथेही भागलं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. चारही वेळच्या पडद्यांची छायाचित्रं सोबत जोडली आहेत.

आणि उत्तर देणाऱ्याने मला फोन करण्याआधी एकदा फोनवर आणि एकदा लॅपटॉपवर ‘दऱ्या’ लिहून पाहावं.

आपला वर्गणीदार,
नौपाडा, ठाणे