राजीनामा दिलास, पण पीएफ एवढ्यात काढू नकोस

मुलुंड, मुंबई

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

अंधेरीची नोकरी महिनाअखेरीस सोडून पीएफ काढून घेण्याचा तुझा बेत कळला. त्याआधी एक हिशेब नीट पाहा.

पीएफची रक्कम करमुक्त मिळण्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. इथे तुझी सेवा 4 वर्षे 2 महिने भरते. मात्र ठाण्याच्या आधीच्या कंपनीतली 1 वर्ष 8 महिन्यांची सेवाही मोजली जाते, अट एवढीच की तिथली शिल्लक सध्याच्या खात्यात वर्ग झालेली असली पाहिजे. दोन्ही मिळून 5 वर्षे 10 महिने होतात. यूएएन एकच आहे म्हणजे रक्कमही एकत्र झाली, असे धरून चालू नकोस. मी तसेच धरले होते आणि कर भरून बसलो. पासबुकात दोन मेंबर आयडींवर वेगवेगळी शिल्लक दिसत असेल, तर पैसे वर्ग झालेले नाहीत.

वर्ग न करताच काढलेस तर काय होईल? तुझे मूळ वेतन 30,000 धरले, तर 50 महिन्यांत तुझे योगदान 1,80,000, कंपनीचे, पेन्शनचा वाटा वगळून, 1,17,500 आणि दोन्हींवरचे व्याज अंदाजे 51,000 रुपये होते. कंपनीचा वाटा व त्यावरचे व्याज पगारात धरले जाते, तुझ्या वाट्यावरचे व्याज इतर उत्पन्नात. तुझ्या स्वतःच्या योगदानावर एरवी कर नाही. पण जुन्या करपद्धतीत 80सीची वजावट घेतली असेल, तर तीही उलटते. रक्कम 50,000 किंवा त्याहून अधिक असल्याने 10 टक्के टीडीएस कापला जाईल, पॅन जोडलेला नसेल तर 20 टक्के. तेवढ्याने कर संपला असे समजू नकोस. खरा हिशेब विवरणपत्रात होतो.

ग्रॅच्युइटीचे मात्र असे नाही. ती त्या-त्या कंपनीतल्या सेवेवर ठरते, ठाण्याची वर्षे जोडता येत नाहीत. त्यामुळे तिच्यासाठी लागणारी पाच वर्षे भरत नाहीत, तिची आशा सोड.

शिल्लक रजेचे पैसे तुझ्या बाजूचे आहेत. राजीनाम्यानंतर मिळालेल्या या रकमेलाही सूट लागू होते. तुझ्या 40 दिवसांचे 40,000 रुपये दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या आणि आयुष्यभराच्या 25 लाखांच्या मर्यादेत सहज बसतात. अंतिम हिशेबात लेखा विभागाने त्यावर कर कापला असेल तर तिथेच विचार; नोकरीत असताना घेतलेले रजेचे पैसे करपात्र असल्याने हा गोंधळ नेहमी होतो.

तेव्हा नोटिशीची मुदत संपण्याआधी पोर्टलवर One Member – One EPF Account मधून ठाण्याची रक्कम वर्ग करण्याचा अर्ज कर. ठाण्याच्या कंपनीने तुझी नोकरी सोडल्याची तारीख भरलेली आहे का, तेही पाहून घे. माझा अर्ज त्याच एका रिकाम्या चौकटीमुळे अडला होता.

तुझा,
श्रीधर