भिंतीबाहेरचे फायर डँपर: पुण्याच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. मुख्य अग्निशमन अधिकारी, पुणे महानगरपालिका, यांस

स. न. वि. वि.

मी वातानुकूलनाची कामे करणारा अभियंता आहे. बाणेरच्या एका कार्यालयीन इमारतीत नुकतेच जे पाहिले, ते आपल्यापुढे मांडतो.

तिथे एएचयू, म्हणजे हवा थंड करून सोडणारे यंत्र, ज्या खोलीत आहे तिथून निघालेली हवेची डक्ट २३० मिलिमीटरच्या विटांच्या भिंतीतून कॉरिडॉरमध्ये जाते. आग लागली की डक्ट आतून पात्यांनी बंद करणारा फायर डँपर बसवलाय, पण भिंतीत नव्हे, तर भिंतीपासून हातभर पुढे, हँगरवर लटकलेल्या डक्टमध्ये. आग लागली की पातळ पत्र्याची डक्ट वाकते, सांधे सुटतात. भिंत आणि डँपर यांच्यामधला तुकडा फाटला की पाती नीट मिटूनही उपयोग नाही, आग बाहेरून निघून जाते. म्हणून मिटलेली पाती भिंतीच्या जाडीतच यायला हवीत. डँपरभोवतीची पत्र्याची स्लीव्ह भिंतीला धरलेली असावी आणि डक्टचा जोड असा असावा की डक्ट कोसळली तरी डँपर जागेवर राहील.

भोवतालच्या फटीत साधा पीयू फोम मारलेला होता. तो स्वतःच जळतो. शिवाय फट दिसली की सीलंट भरा, हेही बरोबर नाही. काही डँपरना तापल्यावर फुगायला मोकळी जागा लागते, काहींना चारही बाजूंनी मॉर्टर लागतो. त्या डँपरची चाचणी ज्या पद्धतीने झाली असेल, त्याच पद्धतीने तो बसवायला हवा.

धुराचे आणखी वेगळे. साध्या डँपरची पाती उघडी धरून ठेवणारी फ्यूजिबल लिंक साधारण ७२ अंशांना वितळते. दूरच्या आगीचा थंडावलेला धूर त्याआधीच कॉरिडॉरभर पसरतो. तिथे स्मोक डिटेक्टरला जोडलेला मोटराइज्ड डँपर लागतो, आणि त्याच सिग्नलवर एएचयूही बंद पडायला हवा.

आता मूळ अडचण. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, द्यावा लागतो. पण या डँपरपाशी डक्टला अ‍ॅक्सेस डोअर नव्हते आणि खाली जिप्समचे सलग सीलिंग होते. तपासणार कसे? पॅनेलवरच्या ‘क्लोज्ड’ दिव्यावर भागत नाही. दिव्याचा स्विच मोटरवर असेल आणि मोटर व पाती जोडणारे कपलिंग सैल झाले असेल, तर मोटर फिरते, दिवा लागतो, पाती मात्र उघडीच राहतात. डोअर उघडून, डँपर बंद करून, पाती डोळ्यांनी पाहायलाच हवीत.

माझी विनंती एवढीच. सीलिंग बंद होण्यापूर्वी प्रत्येक डँपरचा भिंतीसह फोटो मागवावा. डक्टला आणि खालच्या सीलिंगला, दोन्हीकडे, हात आणि टॉर्च जाईल एवढे दार व त्यावर डँपरचा क्रमांक सक्तीचा करावा. फॉर्म बीसोबत क्रमांकवार बंद-उघड चाचणीची नोंद घ्यावी. ज्या डँपरपर्यंत पोहोचता आले नाही, तो ‘तपासला नाही’ असाच लिहिला जावा. जुन्या इमारतींमध्ये रुग्णालयांपासून सुरुवात व्हावी, कारण तिथले रुग्ण जिन्याने पळू शकत नाहीत.

आपला,
एक वातानुकूलन अभियंता, पुणे