लाल शाई मुद्द्यांवर खर्च व्हावी

प्रति,
मा. संपादक,
स. न.

शाळा-कॉलेजातले निबंध एकाच साच्यातून काढल्यासारखे येतात, अशी तक्रार करणारे एका परीक्षकांचे पत्र आपल्या अंकात वाचले. तक्रार खरी आहे. पण साचा निबंधात नंतर शिरत नाही. तो मुद्दे काढतानाच पडलेला असतो आणि तेव्हा वही कोणी बघत नाही. आम्ही शिक्षक बघतो ती थेट चार पानांची पक्की प्रत, आणि मग तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसतो. मी स्वतः बरीच वर्षे हेच केले.

यंदा कोल्हापूरजवळच्या चिखलीकडची एक अकरावीतली मुलगी स्पर्धेसाठी 800 शब्दांचा निबंध लिहिणार होती. विषय होता ‘पंचगंगेचा पूर’. तिने आणलेले मुद्दे असे : प्रस्तावना, नदीची माहिती, पुराची कारणे, अलमट्टी, परिणाम, उपाय, उपसंहार. नदीचे नाव बदलले की हाच आराखडा सांगलीच्या कृष्णेलाही चालला असता. ‘कारणे’ आणि ‘परिणाम’ ही नुसती खोक्यांवरची नावे झाली. आत काय आहे ते कळल्याशिवाय शेरा तरी कशावर मारायचा?

म्हणून वही मिटायला लावली आणि म्हटले, पुराबद्दल तुला काय सांगायचंय ते दोन मिनिटं नुसतं बोल. ती म्हणाली, “सर, 2019 ला सूचना आली होती, पण आम्ही निघालोच नाही. म्हशी कुठं न्यायच्या? 2021 ला बाबांनी म्हशी आधीच मावशीकडं पोचवल्या, मग आम्ही लगेच निघालो.” निबंध इथे होता, आणि सातपैकी एकाही मुद्द्यात तो नव्हता.

मग मी तीनच गोष्टी सांगितल्या. याहून जास्त सांगितल्या तर मुले सोप्या तेवढ्या दुरुस्त करतात आणि अवघड सोडून देतात. पहिली, प्रत्येक मुद्दा पूर्ण वाक्यात लिही, क्रियापदासकट. ‘कारणे’ला कोणी नाही म्हणू शकत नाही. ‘गोठ्याची सोय झाल्याशिवाय माणसं घर सोडत नाहीत’ याला म्हणू शकतो, म्हणून ते सिद्ध करावे लागते. दुसरी, त्या वाक्याखाली आधार काय देणार ते लिही. तिसरी, समोर शब्दांचा अंदाज मांड. तो मांडल्यावर तिलाच दिसले की कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या पंचगंगेच्या नद्यांची ओळख 250 शब्द खाते आहे. अलमट्टीचा मुद्दा तर तिने आपणहून खोडला. कर्नाटकातल्या त्या धरणाच्या फुगवट्याने इथला पूर वाढतो का, यावर जाणकारांचेच एकमत नाही, त्याचा निकाल 100 शब्दांत कसा लावणार?

दुसऱ्या खेपेला चार वाक्ये आली. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. हलायचे ते या चार फुटांत. तेवढ्या वेळात माणसे निघू शकतात, पण जनावरांची सोय नसेल तर थांबतात. आधार, घरचाच 2019 चा अनुभव. सोय असेल तर निघतात, आधार 2021. म्हणून उंचावरचा जनावरांचा निवारा माणसांच्या छावणीआधी सुरू व्हावा. मी मुद्द्यांची अदलाबदल करून पाहिली. पहिल्या आराखड्यात ‘परिणाम’ ‘कारणां’च्या आधी नेले असते तरी काही बिघडले नसते, इथे तिसरे वाक्य पहिल्या जागी नेले की सगळे कोसळते. धागा आहे की नाही हे ओळखायला मला एवढी खूण पुरते. शेजारी एकच प्रश्न लिहिला : “निवाऱ्यात वैरण कोण देणार, आणि दूध डेअरीला कसं पोचणार?” उत्तर मी दिले नाही. ते तिने घरी वडिलांना विचारून आणले आणि निबंधातला सर्वांत चांगला परिच्छेद तोच झाला.

इथे शिक्षकाचा हात घसरतो तो उत्तर लिहून देण्यात. आपलेच मुद्दे फळ्यावर उतरवून दिले की साठ निबंध पुन्हा एकसारखे. आणि आराखडा म्हणजे करारपत्र नव्हे. काही मुलांना काय म्हणायचे ते लिहितानाच सापडते. अशांना आधी एक पान सुचेल तसे लिहू द्यावे आणि त्यातून मुद्दे काढायला लावावेत. आराखड्यात शुद्धलेखनाला तर मी हातच लावत नाही. जे वाक्य उद्या राहणारच नाही त्याची वेलांटी कशाला सुधारायची?

वेळ कुठून आणायचा, असे सहकारी विचारतील. अर्ध्या पानाच्या आराखड्याला मला चार मिनिटे लागतात, म्हणजे साठ मुलांचे चार तास. चार पानी निबंध तपासायला याच्या तिप्पट तरी जातात, आणि तेव्हा ‘मुद्दा भरकटला’ असा शेरा मारला तरी मूल सगळे पुन्हा लिहीत नाही.

स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना एवढीच विनंती : निबंधाच्या तारखेआधी आठ दिवस मुद्द्यांचे अर्धे पान मागवा आणि प्रत्येकावर एक प्रश्न लिहून ते परत पाठवा.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
कोल्हापूर