रिपोर्टमधल्या तीन ओळी

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार,

काल आई फोनवर रडत होती, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

बाबांचा सीटी स्कॅन खड्यासाठी केला आणि खडा तर पडूनही गेला. आता खडा शोधताना सापडलेल्या तीन गोष्टींनी तुमची झोप उडवली आहे.

आई, किडनीतली ३ सेंटिमीटरची आणि लिव्हरमधली २ सेंटिमीटरची सिस्ट म्हणजे पाण्याने भरलेल्या पातळ पिशव्या. वय वाढलं की त्या सर्रास दिसतात, मी रोज पाहते. दोन्हींची घनता रिपोर्टमध्ये ८ लिहिली आहे. पाण्याची शून्य धरतात. स्कॅनची चित्रं मी स्वतः पाहिली. भिंत जाड नाही, आत पडदे नाहीत, घट्ट भाग नाही. यातलं काही असतं तर काळजी होती. शेजारच्या काकूंनी सुईने पाणी काढून घ्या म्हटलं, ते करू नका. दुखत नाही, कशावर दाब नाही, आणि काढलेलं पाणी बहुतेकदा पुन्हा भरतं. या दोन्हींसाठी पुन्हा स्कॅनही नको.

तिसरी ओळ तुम्ही दोघांनीही वाचून सोडून दिलीत, आणि माझं लक्ष तिथेच अडकलं आहे. डाव्या किडनीच्या डोक्यावर अॅड्रिनल नावाची छोटी ग्रंथी असते. तिच्यात १.८ सेंटिमीटरची गाठ आहे. तिची घनता ४ आहे आणि ती सगळीकडे सारखी दिसते, म्हणजे आत चरबी भरपूर. दहाच्या आतली अशी एकसारखी गाठ कॅन्सरची नसते. पण ही ग्रंथी हार्मोन बनवते, आणि साधी गाठसुद्धा ते जास्त बनवू शकते. बाबा, तीन गोळ्या घेऊनही तुमचं बीपी १६० च्या खाली येत नाही. मार्चच्या रक्ततपासणीत पोटॅशियम ३.२, म्हणजे कमी होतं, आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात असं तुम्हीच सांगितलं होतंत. या ग्रंथीचं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन जास्त झालं की शरीरात मीठ साठतं आणि लघवीतून पोटॅशियम जातं. तसंच असेल तर इतकी वर्षं न आवरलेलं बीपी नेमक्या औषधाने किंवा गाठ काढून आटोक्यात येऊ शकतं.

म्हणून आधी पोटॅशियम पुन्हा तपासून ते भरून घ्यायचं. मग सकाळी अल्डोस्टेरॉन आणि त्याला ताब्यात ठेवणाऱ्या, किडनीतून येणाऱ्या रेनिनसाठी रक्त द्यायचं. त्यानंतर दुसऱ्या एखाद्या दिवशी रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅम गोळी आणि सकाळी ८ ला याच ग्रंथीच्या कॉर्टिसॉल या दुसऱ्या हार्मोनची तपासणी, ते १.८ किंवा त्याहून कमी यायला हवं. गाठीत सुई घालून तुकडा काढू या असं कुणी म्हटलं तर आधी मला फोन करा.

बीपीची एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. पण तिन्ही पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो आजच पाठवा. त्यात स्पायरोनोलॅक्टोन असेल तर रेनिनचा निकाल फसवा येतो, आणि ती कधी थांबवायची हे तपासणीआधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवं.

तुमची,
ताई