सूचना: पेमेंट ‘Pending’ दिसल्यास लगेच पुन्हा पैसे पाठवू नका

सर्व सभासदांनो,

यूपीआयने पैसे पाठवताना आधी आपल्या बँकेतून रक्कम वजा होते आणि मग समोरच्या बँकेत जमा होते. वजा झाल्यावर समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, तर अ‍ॅप ‘Pending’ दाखवतं. पैसे जमा होऊनही फक्त उत्तर अडकलेलं असू शकतं, म्हणून पुन्हा पाठवलं की दोनदा जातात. मागच्या वर्गणीत असंच झालं: एका ताईंनी दहा मिनिटांत दुसऱ्यांदा पाठवले, संध्याकाळी दोन्ही रकमा खात्यात जमा!

अ‍ॅपवर विसंबू नका, आधी बँकेचं स्टेटमेंट उघडा. वजाची नोंदच नसेल, तर बहुधा व्यवहार पुढे गेलेलाच नाही. तरी अ‍ॅपमध्ये ‘Failed’ येईपर्यंत थांबा. वजा झालं असेल, तर त्या नोंदीतला बारा अंकी यूटीआर क्रमांक खजिनदारांना कळवा. ते खात्यात तोच क्रमांक शोधतील. सापडला तर काम झालं, अ‍ॅप काहीही दाखवो. नाही सापडला, तर थांबायचं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, व्यक्तीच्या खात्यात जमा न झालेली रक्कम जास्तीत जास्त दुसऱ्या दिवशीपर्यंत आपोआप परत यायला हवी. दुकानदाराच्या पेमेंटला पाच दिवस. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. परतीचीही स्टेटमेंटमध्ये वेगळी जमा नोंद येते, ती पाहूनच पुन्हा पाठवा.

पैसे परत मिळवून देतो म्हणून कोणी फोन करून पिन मागितला, तर फोन ठेवून द्या. पैसे परत यायला पिन लागत नाही.

– सचिव